फोनवरून शुभेच्छा देताना

"आजोबा मेसेज बघत नाहीत, फोन मात्र उचलतात. वाढदिवसाला सुरुवात कशी करावी आणि काय बोलावे?"

"ओळखलंत का?" असे विचारू नये, त्याने उगाच परीक्षा होते. वयोमानाने प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येणे कमी होते आणि साध्या फोनवर 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ पोहोचतच नाही, त्यामुळे स, श, फ ही अक्षरे पुसट होतात. ओरडण्यापेक्षा सावकाश, थांबत बोलल्याचा उपयोग अधिक होतो.

"आजोबा, नमस्कार. मी अनू, तुमची धाकटी नात बोलतेय." एवढे बोलून थांबावे. पलीकडून "हां, बोल गं" आले की मगच, "आज तुमचा वाढदिवस, म्हणून मुद्दाम फोन केला. तब्येत ठणठणीत राहो, आणि तुमचा आशीर्वाद आम्हाला असाच लाभो," असे म्हणावे. ("शतायुषी व्हा" हे नव्वदी ओलांडलेल्यांना जरा हिशेबीच वाटते.)

उत्तरादाखल नुसते "हो, हो" आले, तर बहुधा ऐकू गेलेले नसते. अशा वेळी तेच वाक्य मोठ्याने न उच्चारता शब्द बदलून, "आजोबा, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केलाय," असे सांगावे.