येझेरोकर की जेझेरोकर? मंगळवस्तीतल्या मिश्र नावांबद्दल

अनुस्वार: एका दीर्घकथेसाठी नावं हवी आहेत. मंगळावरच्या जेझेरो विवरात चारशे माणसांनी वसवलेली वस्ती आहे, तिसरी पिढी वाढते आहे. मूळ माणसं चार ठिकाणची : कोकण, तमिळनाडू, आइसलँड आणि घाना. मी 'कोफी पाटील-एइनार्सन', 'सिग्रिद मुत्तु जेझेरोकर' अशी नावं केली. कथा वाचणाऱ्या संपादकांचं म्हणणं, ही नावं डिंकाने चिकटवल्यासारखी दिसतात. ते खरं आहे, पण नेमकं चुकतंय कुठे?

वेलांटी: आधी 'वसाहतवादी' हा शब्द टाळा. पुष्कळ अनुवादांत तो दिसतो. वसाहतवादी म्हणजे दुसऱ्यांचा मुलूख बळकावण्याचं धोरण मानणारा. तिथे जाऊन राहणारा तो वसाहतकरी.

अनुस्वार: ते मान्य. पण मी विचारतेय ते माणसांच्या नावांबद्दल.

खाडीकाठ: चुकतंय ते जोडणीत. तुम्ही प्रत्येक भाषेतून एकेक तुकडा घेऊन ओळीने लावलाय. खऱ्या मिश्र नावात एका भाषेचा साचा टिकतो आणि त्यातली घरं दुसऱ्या भाषांतल्या शब्दांनी भरतात. आपल्याकडचाच दाखला घ्या, कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्रायली. साचा पूर्ण मराठी : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गावावरून आडनाव. पहिली दोन घरं हिब्रू, पण तीही शेजाऱ्यांच्या वळणाने बदललेली. शमुएलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावंही तशीच आली. पुढे इंग्रजी शिक्षण आलं तेव्हा सामाजीचा सॅम्युएल झाला, दिवेकर मात्र दिवेकरच राहिला. स्वतःचं नाव काळाबरोबर आधी बदलतं, शेवटचं सर्वांत उशिरा.

तुमच्या चार परंपरांत साचा कुठे जुळतो ते बघा. मराठीत वडिलांचं नाव लागतं. तमिळमध्येही लागतं, बहुधा आद्याक्षर म्हणून आणि नावाच्या आधी. आइसलँडमध्ये तर वडिलांचं किंवा आईचं नाव हेच उपनाम असतं, कुळाचं आडनाव क्वचितच. म्हणजे तिघांकडे पालकाच्या नावाचं घर आहे. ते टिकेल. कुळाचं आडनाव चौघांपैकी दोघांकडे जवळपास नाही, म्हणून 'पाटील-एइनार्सन' असं जोडनाव तिसऱ्या पिढीत तगणार नाही. शिवाय एइनार्सन म्हणजे 'एइनारचा मुलगा'. नातवाला तेच लावलं की आइसलँडच्या माणसाला ते चूक वाटेल.

अनुस्वार: मग आई एइनारची मुलगी, वडील मुत्तु, आजी घानाची, असं मूल धरा. नाव काय होईल?

खाडीकाठ: आजीच्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारची मुलगी आकोसुआ. मग मुलगा 'कोफी मुत्तु' आणि बहीण 'आकोसुआ मुत्तु'. एवढंच पुरे. घरात 'कोफ्या' आणि 'आकूताई' म्हणतील, कारण हाक मारायची मराठी रीत नावापेक्षा चिवट असते. शनिवारच्या मुलीचं अकान नाव 'आमा', ते मात्र फार दिवस चालणार नाही. निम्मी वस्ती तमिळ बोलणारी असेल तर लहान पोरीला 'आमा' म्हणताना प्रत्येकाला 'अम्मा' ऐकू येईल. शेजारच्या भाषेत अडखळणारं नाव दोन पिढ्यांत बदलतं, हे ध्यानात ठेवून यादी तपासा.

चौकटराजा: वाराचा घोळ आहे. मंगळाचा दिवस 24 तास 39 मिनिटांचा. साधारण 37 दिवसांनी तिथलं पंचांग पृथ्वीच्या एक वार मागे पडतं. तिथे शुक्रवारी जन्मलेलं मूल घानाच्या आजीच्या हिशेबाने शनिवारचं निघू शकतं. तिथला कोफी इथे क्वामे.

अनुस्वार: हे तर कथेतच वापरता येईल. दोन नावांचा एकच मुलगा.

कानामात्रा: '-कर' वर या. मुळात 'जेझेरो' चूक आहे. विवराला बोस्निया-हर्जेगोव्हिनातल्या गावाचं नाव दिलंय, तिथे उच्चार 'येझेरो', अर्थ सरोवर. म्हणून 'येझेरोकर'.

वेलांटी: मराठीत रुळलंय ते 'जेझेरो'. मूळ उच्चाराच्या मागे लागाल तर पॅरिसचंही 'पारी' करावं लागेल.

कानामात्रा: पॅरिस रुळून शतक लोटलं. हा शब्द 2021 मध्ये यान उतरलं तेव्हा आला, अजून वळवता येतो. बाकी '-कर' मूळ संस्कृत 'कार'च, कुंभकारातला. गाव घडवणारा तो गावकर.

खाडीकाठ: अर्थ मोहक आहे, पण कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार. मधला क प्राकृतात गळतो. चिपळूणकरात तो ठणठणीत उभा आहे, त्यामुळे इतकं सरळ नातं लागत नाही. जोडताना शेवटचा स्वर पाहावा लागतो, तेही सांगतो. साताऱ्याचा सातारकर, रोह्याचा रोहेकर, वाईचा वाईकर. ओकारान्त परकं नाव न बदलता राहील, जेझेरोकर किंवा येझेरोकर. तुमच्या कथेतली खरी चूक वेगळीच आहे. गावात राहणाऱ्याला गावावरून कोणी ओळखत नाही, तिथे सगळेच त्या गावचे. दिवेकर हे नाव दिवे सोडल्यावर कामाचं. म्हणजे कोफी जेझेरोतच राहिला तर तो नुसता कोफी मुत्तु. आकोसुआ दुसऱ्या वस्तीत गेली की तिथे ती 'आकोसुआ मुत्तु जेझेरोकर'. एका पिढीनंतर हे आडनाव दिसलं की वाचकाला कळेल, हे घर तिथून उठून आलंय.

पोफळी: हे गोव्याला लागू पडत नाही. गांवकर म्हणजे गाव सोडून गेलेला नव्हे, गाव वसवणाऱ्यांचा वंशज. गांवकारीत जमिनीच्या उत्पन्नात त्याचा वंशपरंपरेने वाटा असे, नंतर येऊन राहिलेल्याला नसे. आणि मंगळवस्ती म्हणजे वसवलेलं गावच ना!

खाडीकाठ: तिथे 'गाव' हा सामान्य शब्द आहे, विशिष्ट गावाचं नाव नाही. म्हणून तो हुद्द्यासारखा चालतो. पण मुद्दा अडचणीचा आहे, कबूल.

अनुस्वार: मग पहिल्या चारशेंच्या वंशजांना 'गांवकर' म्हटलं, आणि मागून आलेल्यांना फक्त हवा-पाण्याचा हक्क, वाटा नाही?

पोफळी: म्हणा, पण मग चारशेंची यादी कोणी लिहिली आणि कोणाचं नाव राहून गेलं, हे कथेत यायला हवं.

चौकटराजा: यादी लिहिणारा कारकून महत्त्वाचा. मॉरिशसमध्ये 1834 पासून मजूर उतरले. तिथे वडिलांचं नाव कागदावर गेलं आणि पुढे कायमचं आडनाव होऊन बसलं, तेही फ्रेंच-इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगात. म्हणूनच 'जगन्नाथ' मराठी वर्तमानपत्रांत कधी 'जुगनाथ' छापून येतं. तुमच्या वस्तीच्या नोंदवहीत दोनच रकाने असतील तर मुत्तु हेच कुळाचं नाव होईल, आणि खाडीकाठांचा तिघांकडचा पालक तिथेच थांबेल.

वेलांटी: नोंदवहीत त्यांना 'वसाहतकरी' म्हणणार की 'वसाहतकार'? शेतकरी, गावकरी, वारकरी यांच्या रांगेत 'वसाहतकरी' बसतो.

कानामात्रा: 'वसाहतकरी' कर भरणाऱ्यासारखा वाटतो. 'वस्तीकर' म्हणा.

वेलांटी: वस्तीकर तर सरळ घरपट्टी वाटते!