चेंडू टाकलाच नाही, मग मुलगा आऊट कसा?

रश्मी (वडोदरा): काल सोसायटीच्या टूर्नामेंटमध्ये बॉलरनं माझ्या मुलाला वॉर्निंग न देताच आऊट केलं. तो तर बॉलरच्या बाजूला उभा होता, खेळत होता दुसराच. मी हल्लीच क्रिकेट बघायला लागलेय. कीपरनं बेल्स पाडल्या की स्टंपिंग, बाकी कुणी पाडल्या की रनआऊट, एवढंच कळतं. मग हे काय?

दांडियाबाजारकर: सरळ अन्याय आहे. एक वॉर्निंग द्यावीच लागते. भारताच्या विनू मंकडांनीसुद्धा ऑस्ट्रेलियाच्या ब्राऊनला असंच आऊट करण्याआधी ताकीद दिली होती.

जुना पंच: ताकीद दिली होती ती त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात, आणि तिथेही ब्राऊनला आऊट केलंच. डिसेंबर 1947च्या सिडनी कसोटीत मात्र थेट बेल्स पाडल्या. आपले विजय हजारे त्याच संघात होते. वॉर्निंग हा रिवाज आहे, नियमात ती अट नाही.

रश्मीताई, बेल्स कुणी पाडल्या यापेक्षा बॅट्समन काय करत होता ते बघा. फटका हुकला, तो रन घ्यायला निघालेला नाही, फक्त पाय क्रीजबाहेर गेलाय आणि कीपरनं बेल्स पाडल्या, तर स्टंपिंग. रन घ्यायला धावला असेल तर कीपरनं पाडल्या तरी रनआऊटच. म्हणून नोबॉलवर स्टंपिंग नाही, पण रनआऊट होतो. तुमच्या मुलाचाही रनआऊटच. फक्त सांगा, बेल्स पडल्या तेव्हा बॉलरचा हात कुठे होता?

नीलेश: माझ्या मुलालाही मागच्या वर्षी असंच काढलं. दोन दिवस जेवला नाही. दहा वर्षांच्या पोरांना हे शिकवायचं?

रश्मी: व्हिडिओ पाहिला. बॉलरनं हात पूर्ण फिरवला, बॉल सोडलाच नाही, मग मागे वळून बेल्स पाडल्या.

जुना पंच: मग तो नॉटआऊट होता! हात वर जाऊन बॉल सुटण्याची जागा येईपर्यंतच बॉलरला ही संधी असते. ती जागा ओलांडली की संपलं. जानेवारी 2023 मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा बॉलर झम्पा यानं अगदी हेच केलं, तिसऱ्या पंचानं नॉटआऊट दिलं. अशा वेळी पंचानं डेड बॉल द्यायचा, तो बॉल ओव्हरमध्ये धरायचा नाही. पण मुलाला हेही सांगा, बॉलरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत बॅट क्रीजच्या आत टेकलेली हवी. नुसत्या रेषेवर असली तर तो बाहेरच.

दांडियाबाजारकर: हाताचं पटलं. पण पोरांच्या मॅचमध्ये पहिल्या वेळी तरी सांगायला हवं, यावर मी ठाम आहे.

जुना पंच: तीन पावलं पुढं जाऊन जो फुकटचा रन पळतो, त्याला कोण सांगतं? मला पटत नाही.