शब्दचर्चा: लखोट्यात मोलापेक्षा कमी आकडा लिहिणं, याला काय म्हणावं?

भाषांतरकार: लिलावांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. प्रसंग असा: वस्तू एक, बोलीदार दोन. दोघांनी आपापला आकडा लिहून लखोटा बंद करून द्यायचा. ज्याचा आकडा मोठा त्याला वस्तू, आणि त्याने स्वतः लिहिलेली रक्कमच भरायची. वस्तू आपल्याला कितीची वाटते हे ज्याचं त्याला ठाऊक. दुसऱ्याच्या मनात 0 ते 100 मधला कुठलाही आकडा असू शकतो, सगळे सारख्याच शक्यतेचे. अशा वेळी माणूस मनातल्या मोलापेक्षा कमी लिहितो. त्या कमी लिहिण्याला इंग्रजीत ‘शेडिंग’ म्हणतात. मी आधी ‘सूट’ लिहिलं, पण ते वाचून विकणाराच सूट देतोय असं वाटतं.

जुनी वही: ‘घासाघीस’ का नको? भाव पाडून मागणं म्हणजे तेच की.

भाषांतरकार: घासाघिशीला समोर माणूस लागतो. तो ‘नाही परवडत’ म्हणतो, मग आपण थोडं वर जातो. इथे एकदाच लिहायचं आणि गप्प बसायचं.

कोपऱ्यातली: मला तर यात लबाडी दिसते. ‘दडवणं’ म्हणा सरळ. मी एकदा जुन्या यंत्रासाठी असाच लखोटा दिला होता. मला ते जेवढ्याचं वाटत होतं तेवढाच आकडा प्रामाणिकपणे लिहिला. यंत्र मिळालं, पण काही कमावल्यासारखं वाटलंच नाही.

गणित मास्तर: वाटणार कसं? समजा तुमच्या लेखी ती वस्तू 80 ची, आणि तुम्ही ती 80 देऊनच घेतलीत. मिळाली काय, न मिळाली काय, सारखंच. यात लबाडीही नाही, कारण मनातलं मोल सांगा असं कोणी विचारलेलंच नाही. विचारलंय ते ‘किती देता?’ एवढंच. म्हणून भाषांतरात मोल आणि बोली हे शब्द कटाक्षाने वेगळे ठेवा.

बोली किती खाली आणायची हे आधी बघू, शब्द त्यातूनच सुचेल. तुमचं मोल 80 धरा, आणि समोरचा आपल्या मोलाच्या निम्मं लिहितो असं समजा. म्हणजे त्याचा आकडा 0 ते 50 मध्ये कुठेही. तुम्ही 40 लिहिलंत तर शंभरातल्या 80 वेळा जिंकाल आणि दर जिंकण्यात 40 सुटतील: सरासरी 32. 45 लिहिलंत तर 90 वेळा जिंकाल, पण सुटतील 35: सरासरी 31.5. 35 लिहिलंत तर 70 वेळा 45, पुन्हा 31.5. आणि 50 लिहून जिंकण्याची खात्रीच केलीत तर 30. 40 च सगळ्यांत वर. कारण साधं आहे: जिंकण्याची शक्यता बोलीच्या पटीत वाढते, म्हणून गुणाकार होतो ‘बोली’ आणि ‘80 वजा बोली’ यांचा. या दोघांची बेरीज कायम 80. बेरीज ठरलेली असली की दोन्ही सारखे असताना गुणाकार सर्वांत मोठा होतो.

जुनी वही: मग समोरच्याने निम्मं करायची अटच कशाला? तो पूर्ण मोल लिहितो असं धरलं तरी माझी शक्यता बोलीच्याच पटीत वाढते. उत्तर 40 च.

गणित मास्तर: या आकड्यांपुरतं बरोबर. पण समोरचा मोलाच्या तीन दशांश लिहिणारा निघाला तर? त्याची बोली 30 च्या वर जातच नाही. तिथे 40 लिहिणं म्हणजे 10 फुकट घालवणं. आणि तो पूर्ण मोल लिहीत असेल तर तो स्वतःच चुकतोय. कळल्यावर तो तिथे थांबणार नाही. दोघांनी निम्मं लिहावं, मग बदलून कोणाचाच फायदा नाही, तिथे गोष्ट स्थिरावते.

भाषांतरकार: पण तुम्ही ‘निम्मं’ आधीच गृहीत धरलंत आणि मग तेच काढलंत. शोधलं कुठे?

गणित मास्तर: रास्त आक्षेप. निम्मं विसरा. एवढंच धरा की दोघे एकाच नियमाने लिहितात आणि मोल जास्त त्याची बोली जास्त. आता मोल 80 असताना तुम्ही 81 वाल्याची बोली लावलीत. शंभरात एक जास्तीचा लिलाव जिंकाल, त्यात ‘80 वजा बोली’ सुटेल. पण जे 80 तसेही जिंकणार होतात, त्या प्रत्येकात वाढीव रक्कम भरावी लागेल. नियम चांगला असेल तर हा फायदा आणि हा तोटा बरोबर जुळायला हवा: ‘मोल वजा बोली’ = ‘मोल गुणिले बोली वाढण्याचा वेग’. हे नीट मांडलं की दिसतं, मोल आणि बोली यांचा गुणाकार मोलाच्याच वेगाने वाढतो. 0 पासून साचवत गेलात की तो मोलाच्या वर्गाच्या निम्मा भरतो. मोलाने भागा, बोली निम्मी. अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी 1961 मध्ये हे मांडलं. बोलीदार तीन असतील तर दोन तृतीयांश, चार असतील तर तीन चतुर्थांश.

जुनी वही: मग ‘अर्धबोली’ म्हणा, विषय संपला!

गणित मास्तर: दोनच बोलीदारांतही फसेल. मोलं 50 ते 100 मधलीच असतील तर 80 वाल्याने 40 लिहून काय उपयोग? समोरचा 50 च्या खाली लिहिणारच नाही. तिथे उत्तर 65. खरा अर्थ असा: ‘माझंच मोल मोठं आहे असं धरलं, तर समोरच्याचं सरासरी किती असेल?’ तेवढं लिहा. 0 ते 80 ची सरासरी 40, 50 ते 80 ची 65.

ठेकेदार: आमच्याकडे उलटं असतं हो. निविदेत सगळ्यांत कमी दर त्याला काम. मी खर्चाच्या वर लिहितो. तुमचे ‘सूट’, ‘अर्धबोली’ वगैरे शब्द मला लागूच होत नाहीत.

गणित मास्तर: वा, ही बरी आठवण केलीत. दोघांचे खर्च 0 ते 100 मध्ये असतील आणि तुमचा 40, तर समोरच्याचा तुमच्याहून जास्त असताना सरासरी 70. तुम्ही 70 लिहायचं. गणित तेच, दिशा फक्त उलटी.

ठेकेदार: 70? माझी छाती नाही व्हायची. काम गेलं तर माणसं बसून राहतात.

गणित मास्तर: ती भीती या हिशोबात नाहीच. तोट्याला बिचकणारा यापेक्षा आक्रमक लिहितो: निविदेत कमी, लिलावात जास्त. प्रयोगशाळेतल्या लिलावांतही लोक निम्म्याहून जास्त बोली लावताना वारंवार दिसलेत. मात्र ते भीतीमुळेच की आणखी कशामुळे, यावर वाद आहे.

कोपऱ्यातली: माझ्या यंत्राचं पुढे काय झालं ते राहिलंच. आतून गंजलेलं निघालं. म्हणजे मी पुरेसं कमी लिहिलं नाही, असंच ना?

गणित मास्तर: ते दुखणं निराळं. तिथे तुम्हाला मोलच नक्की ठाऊक नव्हतं, आणि ज्याचा अंदाज सर्वांत चढा तोच जिंकतो, म्हणून जिंकणाऱ्याच्या माथी अशी वस्तू येते. त्यासाठीही बोली खाली आणावी लागते, पण कारण वेगळं. लेखात दोन्हींना एकच शब्द वापरू नका.

भाषांतरकार: ‘हात राखून बोली’ कसं वाटतं? दडवणं नाही, सूट नाही, आणि ठेकेदारांच्या उलट्या दिशेलाही चालतं.

ठेकेदार: चालेल. आम्ही बोलतोही तसंच.

जुनी वही: क्रियाविशेषण झालं. ‘शेडिंग किती?’ याला ‘हात राखणं किती?’ म्हणणार?

भाषांतरकार: तिथे ‘राखलेली रक्कम’ लिहीन म्हणते. 80 च्या मोलावर राखलेली रक्कम 40.

जुनी वही: ती बाजूला ठेवलेली अनामत वाटते मला. नाम अजून सापडलेलं नाही.