भाड्याच्या आठवणीत 🙏 लावायचा की नाही?

कर्वेनगर-मालकीण: करारात भाडं 5 तारखेपर्यंत. आज 11. मुलगा चांगला आहे, दीड वर्षात पहिल्यांदाच उशीर. मेसेज लिहून ठेवलाय: «नमस्कार, या महिन्याचं भाडं अजून जमा झालेलं दिसत नाही. शक्य झाल्यास बघावं 🙏». नवरा म्हणतो, पैसे आपले आणि हात आपणच जोडायचे? ठेवू की काढू?

बाजीराव-रोड: काढा! रागवून लिहितोय, कारण मी पोळलोय. भाडं 22 हजार, डिपॉझिट 60 हजार. दर महिन्याला असाच हात जोडलेला मेसेज पाठवायचो, समोरून «हो काका 🙏» यायचं. तीन महिने गेले, 66 हजार थकले. डिपॉझिट पूर्ण वळतं केलं तरी 6 हजार कमी पडले, वर लाइटबिल 4200 माझ्याच गळ्यात. माणूस एका रविवारी सामान घेऊन गेला. हात जोडले की समोरच्याला वाटतं, यांना घाई नाही.

वाकड-भाडेकरू: काका, तीन महिने गप्प बसण्याचा दोष इमोजीला का देताय? आमच्या वयाच्यांना 🙏 खटकत नाही. 🙂 मात्र टोमणा वाटतो. माझी आधीची मालकीण प्रेमानेच «भाडं? 🙂» लिहायची आणि माझ्या पोटात गोळा यायचा. आणि मालकांच्या शिस्तीचं म्हणाल तर घर सोडताना माझ्या डिपॉझिटमधून रंगाचे 14 हजार कापले. करारात रंगाचा शब्द नव्हता. 2 महिने मीच हात जोडून मेसेज करत होते.

बाजीराव-रोड: भिंतीला खिळे ठोकायचे, स्वयंपाकघराची भिंत तेलकट करून ठेवायची, मग रंग कोणी द्यायचा?

वाकड-भाडेकरू: खिळे दोन. आधीच्या भाडेकरूचे सात. फोटो आहेत माझ्याकडे, राहायला गेले त्या दिवशीचे.

धनकवडी-मालक: रंगावरून भांडत बसू नका. हा लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे, भाडेकरूचा हक्कच नाही. एक दिवस उशीर झाला की कुलूप बदला, नाहीतर लाइट तोडा. मेसेज कशाला?

करारवाला (15 वर्षं हेच काम): अर्धंच बरोबर. लायसन्समध्ये भाडेकरूसारखं संरक्षण नाही, हे खरं. पण मुदत संपल्यावरही घर खाली होत नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम अधिकाऱ्याकडे जावं लागतं, कुलूप आपण बदलायचं नाही. आणि लाइट-पाणी तोडलंत तर तुम्हीच अडकाल.

आता ताईंच्या मेसेजकडे या. त्यातला कच्चा दुवा 🙏 नाही, «शक्य झाल्यास» आहे. मुदत करारात ठरलेली आहे आणि तुम्ही ती त्याच्या सोयीवर सोडताय. रक्कम नाही, महिना नाही, कधीपर्यंत ते नाही. «बघावं» म्हटल्यावर तो बघेल आणि पुढच्या आठवड्यात देईल. शिवाय वाक्याच्या शेवटी पैशाला चिकटलेला 🙏 म्हणजे विनवणी, तोच «नमस्कार»ला लावला की शिष्टाचार. असं लिहा:

«नमस्कार 🙏 जूनचं भाडं 18,500 रुपये 5 तारखेला येणं होतं, आज 11 पर्यंत खात्यात दिसत नाही. पाठवलं असेल तर व्यवहाराचा क्रमांक कळवा, नसेल तर 13 तारखेपर्यंत जमा करा.»

महिना, रक्कम तुमची घाला. पाठवण्याआधी खातं उघडून बघा, चुकून जुन्या खात्यात गेलेलं मी दोनदा पाहिलंय. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय बंद ठेवा. प्रकरण वाढलंच तर हीच चॅट दाखवावी लागते. पण नुसता स्क्रीनशॉट नेऊन भागत नाही, त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

बाजीराव-रोड: बरं. «शक्य झाल्यास» मीही लिहायचो, तेवढं कबूल. पण दुसऱ्या महिन्याच्या मेसेजात 🙏 नकोच, यावर मी ठाम आहे.

करारवाला: दुसऱ्या महिन्यात मीही नाही लावत. आणि त्या वेळी मेसेजवर थांबतही नाही, करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवतो.

वाकड-भाडेकरू: रंगाचं कोणीच बोलत नाही. करारात नसेल तर कापता येतं का?

करारवाला: करारात नसेल तर मालकाने नुकसान दाखवायला हवं, राहून फिका पडलेला रंग म्हणजे नुकसान नाही. पण 14 हजारांसाठी कोर्टाची पायरी कोणी चढत नाही, म्हणून मालक कापतात. तुमचे फोटो आधी पाठवले होते का मालकाला?

वाकड-भाडेकरू: नाही. स्वतःजवळच ठेवले.

कर्वेनगर-मालकीण: करारवाल्यांचा मेसेज तसाच पाठवला, 🙏 नमस्काराशी. वीस मिनिटांत उत्तर आलं. नोकरी बदललीय, पगार आता 10 तारखेला होतो, सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी पैसे जमा झाले. आता तो विचारतोय, दर महिन्याला 5 ऐवजी 12 चालेल का. मी «हो» लिहिणार होते, नवऱ्याने फोन काढून घेतला.

करारवाला: नुसतं «हो» नको. किती महिन्यांसाठी ते लिहा, नाहीतर 12 चीच सवय होते. आणि तिथे इमोजी नकोच.

वाकड-भाडेकरू: तिथेच तर हवा.