कॅल्क्युलेटरचं उत्तर पटण्यासारखं आहे का? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

ताई: छकुलीच्या वहीत सहा संख्यांची बेरीज आहे: ४,७२९, ३,३६८, ६४१, २,१८७, ५,९१४ आणि १,३५२. कॅल्क्युलेटरवर तिचं उत्तर १२,८७१ येतंय आणि माझं १८,१९१. पुन्हा बटणं न दाबता कुणाचं बरोबर ते कसं ओळखायचं?

मी: प्रत्येक संख्या जवळच्या हजारात राउंड कर. ५, ३, १, २, ६, १. झाले १८. म्हणजे उत्तर १८,००० च्या आसपास हवं. छकुलीचं चुकलंय.

ताई: पण ती म्हणते, "मी पण राउंड करून बघितलं, १३,००० आलं आणि ते जुळतंय."

मी: तिने नक्की काय राउंड केलं ते विचार.

ताई: कॅल्क्युलेटरवर आलेलं १२,८७१ च राउंड केलं.

मोठे काका: बरीच मुलं इथेच फसतात. छकुली, आलेलं उत्तर राउंड केलं की ते स्वतःशीच जुळणार, त्यात पडताळा कसला? आधी प्रत्येक संख्या राउंड करायची आणि मग तोंडी बेरीज. ही बेरीज कॅल्क्युलेटरकडे न बघता केलेली असते, म्हणून तिला साक्षीदार म्हणून उभं करता येतं. शक्यतो अंदाज आधी कागदावर लिही आणि मगच बटणं दाब. स्क्रीनवरचा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की अंदाजही नकळत तिकडेच झुकतो.

छकुली (ताईच्या फोनवरून): आजोबा, आता केलं. १८,००० आलं. मग माझं चूक?

मोठे काका: हो बाळा, नक्की चूक. आणि "नक्की" कशाच्या जोरावर म्हणतोय तेही सांगतो.

ताई: तेच विचारणार होते. १२ आणि १८ लांब आहेत हे दिसतंय. पण उत्तर १६,५०० आलं असतं तर? "आसपास" म्हणजे किती?

मोठे काका: जवळच्या हजारात राउंड करताना एक संख्या जास्तीत जास्त ५०० ने सरकते. संख्या सहा, म्हणजे अगदी सगळ्या एकाच बाजूला पूर्ण सरकल्या तरी फरक ३,००० च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून खरं उत्तर १५,००० ते २१,००० च्या बाहेर असूच शकत नाही. १२,८७१ बाहेर आहे, विषय संपला. १६,५०० आत आहे, त्यामुळे फक्त या अंदाजावरून त्याला चूक ठरवता येणार नाही.

दादा: पण मला तरी १६,५०० वर संशय आला असता. सहाच्या सहा संख्या एकाच बाजूला कशा झुकतील?

मोठे काका: बरोबर. इथलाच हिशेब बघ. ४,७२९ चे ५,००० केले तेव्हा २७१ वाढवले, ६४१ ला ३५९ आणि ५,९१४ ला ८६. एकूण ७१६ वाढवले. उलट ३,३६८ मधून ३६८ सोडले, २,१८७ मधून १८७, १,३५२ मधून ३५२. एकूण ९०७ सोडले. वाढवलेलं आणि सोडलेलं एकमेकांना खाऊन टाकतं, शेवटी फरक उरतो फक्त १९१. सहा सरमिसळ संख्या असल्या तर हा फरक बहुतेक वेळा हजाराच्या आतच राहतो. ३,००० ही टोकाची हद्द झाली. हद्दीबाहेर गेलं तर चूक, आणि आत असूनही हजार-दीड हजार लांब असेल तर पुन्हा बघायचं.

छकुली (ताईच्या फोनवरून): माझी चूक सापडली!! ५,९१४ च्या जागी मी ५९४ दाबलं होतं. एक राहिला.

दादा: शाब्बास. मोठ्या संख्येतला आकडा गळला की ती एकदम साधारण दहाव्या भागाइतकी होते, म्हणून फरक मोठा पडतो आणि हजाराचा अंदाज लगेच ओरडतो. पण काका, आकडे उलटसुलट झाले तर? समजा ४,७२९ च्या जागी ४,२७९ दाबलं. उत्तर येईल १७,७४१. ते तर १८,००० ला अगदी खेटून आहे.

मी: उलट खरं उत्तर १८,१९१, आणि हे चुकीचं १७,७४१. दोन्ही अंदाजाच्या जवळच दिसतात. मग?

मोठे काका: मग चाळणी बारीक घ्यायची. जवळच्या शेकड्यात राउंड करा: ४,७००, ३,४००, ६००, २,२००, ५,९००, १,४००. शेवटची दोन शून्यं बाजूला ठेवून ४७, ३४, ६, २२, ५९, १४ ची बेरीज करा, १८२ येते. अंदाज १८,२००. आता प्रत्येक संख्या फार तर ५० ने सरकते, म्हणजे सहांची हद्द ३००. १७,७४१ चा फरक ४५९, तो हद्दीबाहेर. पकडली चूक. १८,१९१ चा फरक फक्त ९.

ताई: मग सरळ शेकड्यातच का करू नये नेहमी?

मोठे काका: वेळ थोडा जास्त लागतो, आणि तोंडी करताना आपणच चुकायची शक्यता वाढते. आधी हजारात बघायचं. पण संख्या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या दिसल्या तर मात्र थेट शेकड्यातच जायचं. १,४५०, १,४३०, १,४७०, १,४४० घ्या. हजारात चारही खाली येऊन ४,००० होतात आणि खरी बेरीज आहे ५,७९०. इथे वाढवलेलं काहीच नाही, नुसतं सोडलेलंच साठत गेलं.

दादा: आणि यादीत खूप छोट्या संख्या असतील तर? ३८० सारख्या दहा असल्या तर हजारात त्या सगळ्या शून्य होतील.

मोठे काका: अगदी. ३,८०० चा पत्ताच लागणार नाही. म्हणून राउंड करायच्या आधी यादीवरून एकदा नजर फिरवायची. पाचशेच्या खालच्या संख्या जास्त असतील तर हजाराची पट्टी त्या यादीला लागू नाही.

ताई: शेकड्यात जमलं म्हणजे उत्तर बरोबर, असं धरू का?

मोठे काका: नाही. २,१८७ च्या जागी २,१७८ दाबलं तर उत्तर येईल १८,१८२. खऱ्यापेक्षा ९ ने कमी, अंदाजाच्या जवळ, कुठल्याच हद्दीबाहेर नाही. अंदाज मोठी चूक पकडतो, शेवटच्या दोन आकड्यांतली नाही. तिथे खालून वर पुन्हा बेरीज करायची. आणि दोन उत्तरांतला फरक ९ ने भागला गेला, तर कुठल्यातरी संख्येत दोन आकड्यांची अदलाबदल झालीय का ते पहिल्यांदा तपासायचं. अशा अदलाबदलीने पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीतच असतो.

दादा: मघाच्या ४,७२९ आणि ४,२७९ मधला फरक ४५०. ९ पन्नासे साडेचारशे. बरोबर!

छकुली (ताईच्या फोनवरून): आजोबा, पुढचं गणित सात संख्यांचं आहे. मग हद्द ३,५०० ना?

मोठे काका: हो, हजारात केलंस तर ३,५००. शेकड्यात ३५०. अंदाज आधी लिही, मग इथे टाक.