सौंदर्यस्पर्धा : उतरणाऱ्या मुलींना काय दिसतं?

मीनल_ठाणे: भाचीला मिस इंडियासाठी अर्ज भरायचाय. ताई म्हणते, मुलीला धीट करणारी गोष्ट आहे. मी म्हणते, हा मोजमापांचा बाजार आहे. पण स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींना हे कसं दिसतं, हे आम्हा दोघींनाही माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रानजाई: बाजारच आहे. उंचीची अट अर्जातच असते, म्हणजे पहिली चाळणी तुम्ही तोंड उघडायच्या आधीच लागलेली. पुढे कितीही समाजकार्याच्या गप्पा मारा.

पुस्तककिडा: मीनलताई, २० नोव्हेंबर १९७० ची लंडनची रात्र बघा. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्ड चालू होती, खास पाहुणा म्हणून मंचावर होता अमेरिकन विनोदवीर बॉब होप. प्रेक्षकांत तिकीट काढून बसलेल्या स्त्री-मुक्तीवाल्या बायकांनी खुळखुळ्याच्या इशाऱ्यावर पिठाच्या पिशव्या आणि पत्रकं फेकली, होपला मंच सोडून पळावं लागलं. आपलं भांडण स्पर्धक मुलींशी नसून त्यांना गुरांसारखं मांडणाऱ्यांशी आहे, हे त्या बायका आवर्जून सांगत होत्या.

आता मंचावरचं बघा. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून दोन मुली आल्या होत्या. गोरी 'मिस साउथ आफ्रिका'. आणि टीका टाळायला आयत्या वेळी बोलावलेली पर्ल जॅन्सन, तिच्या पट्ट्यावर उलटं नाव, 'आफ्रिका साउथ'. तिच्या देशातली मुख्य स्पर्धा तिला बंदच होती. पर्ल दुसरी आली. आणि जिंकली ग्रेनेडाची जेनिफर होस्टन, मिस वर्ल्ड झालेली पहिली कृष्णवर्णीय मुलगी. ज्या मुकुटाला निषेध करणाऱ्या बायका बेडी म्हणत होत्या, तो तोवर तिच्यासारखीच्या डोक्यावर कधी बसलाच नव्हता. काळ्या मुलींना यातून काही मिळालं, असंच ती पुढेही सांगत आली. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात आणि त्यांची बेरीज होत नाही.

सडेतोड: त्या पीठफेकीनंतरच स्विमसूट फेरी बंद झाली ना? म्हणजे आंदोलनवाल्या जिंकल्या की. आपल्याकडचा विरोध मात्र नेहमी संस्कृतीरक्षकांचाच.

पुस्तककिडा: नाही हो. मिस वर्ल्डने ती फेरी काढली २०१४ च्या स्पर्धेनंतर, चव्वेचाळीस वर्षांनी. आणि १९९६ ला स्पर्धा बेंगळुरूला आली तेव्हा संस्कृतीवाले होते तशा स्त्री-संघटनाही रस्त्यावर होत्या, फक्त कारणं वेगळी. तेव्हा स्विमसूटचा भाग सेशेल्सला नेऊन उरकला होता. फेरी तीच, फक्त नजरेआड.

रानजाई: बरं, जेनिफरचं मान्य. पण तिच्या देशाचा प्रमुख एरिक गेअरी परीक्षकांत बसला होता, ते का गाळलंत? आणि पर्लचं पुढे काय झालं?

पुस्तककिडा: गाळलं नाही, लांबलं असतं. गेअरी होताच, त्यावरून आरडाओरडही झाली, कारण अंदाज स्वीडनच्या मुलीचा होता. पर्ल केप टाउनला परतली, आणि तिथे वर्णभेदाचे कायदे होते तसेच होते. मुकुटाने एका मुलीला दार उघडलं म्हणून दुसरीला उघडेलच असं नाही, हे कबूल.

दर्यावर्दी_म्हापसा: आमच्या गोंयच्या घराण्यातल्या रीता फारियाला विसरलात? १९६६, आशियातली पहिली मिस वर्ल्ड, मुंबईत ग्रँट मेडिकलला शिकत होती. साडी नि स्विमसूट उसना घेऊन गेली म्हणतात. जिंकल्यावर याच बॉब होपबरोबर व्हिएतनामला अमेरिकन सैनिकांपुढे गेली, त्यावरून इकडे गहजब. मग सरळ डॉक्टरकीकडे परत. मुकुट घालून निघूनही जाता येतं, बाबांनो.

सौ_कोल्हापूर: मी 'मिसेस' स्पर्धेत उतरले होते. नाव नको. प्रवेश फी, ग्रूमिंगची फी, फोटोंचे वेगळे पैसे, पोर्टफोलिओ त्यांच्याच माणसाकडून. शेवटी जवळजवळ प्रत्येकीला कसलंतरी टायटल. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, मला मजा आली, खोटं का सांगू? पण मुलीला पाठवायची तर आधी कुठल्या टप्प्यावर किती पैसे ते लेखी घ्या.

रानजाई: वहिनी, धागा कसल्या स्पर्धेचा आणि तुम्ही कुठे नेलात! मिस वर्ल्ड वेगळी.

सौ_कोल्हापूर: वेगळी कशी? तिथे प्रायोजक पैसे देतो, इथे आम्ही दिले. पट्टा बांधणारा दोन्हीकडे कमावतोच.

मीनल_ठाणे: भाचीला हे सगळं वाचायला दिलं. ती म्हणाली, "मावशी, पर्लने परत गेल्यावर काय केलं?" ते तिला सापडेना. अर्ज भरणारच आहे म्हणते. ताईला आनंद, मला अजून पटलेलं नाही.