मदत हवी आहे: घराला दरमहा ठरलेले लागतात, कमाई मात्र मनाला येईल तेव्हा. दोनातली कोणती कल्पना निवडू?

कोरा_कागद
उद्या संध्याकाळपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. घराला दरमहा १०० लागतात (खरा आकडा सांगत नाही, घरखर्च म्हणजे १०० धरा). माझी कमाई आली तर येते, नाही तर नाही, पण वर्षाची सरासरी ११३ पडते. तरीही अधूनमधून उसनवारी होतेच. समोर दोन कल्पना आहेत. एक, वर्षभराचं मोठं काम, त्यात सरासरी १५० पर्यंत जाईल. दोन, जुन्या गिऱ्हाइकांकडे दरमहा देखभाल, त्यात फार तर ३० सुटतील. मला पहिली पटते, बायकोला दुसरी. "मनाचा कौल घ्या" छाप सल्ले कृपया नकोत.

भटक्या
यात विचारण्यासारखं काय आहे? १५० घ्या. कमाई वाढली की चढउतार आपोआप अंगावर येईनासे होतात. ३० साठी कोण झिजतं!

हौशी_गवई
१०० चे ८० करता येतात. आम्ही तीन महिने प्रत्येक खर्च वहीत लिहिला, तेव्हा कळलं की निम्म्या गोष्टी लागतच नव्हत्या. वही हवीच, मोबाइलवर लिहिलेलं कोणी परत बघत नाही.

कोरा_कागद
@हौशी_गवई, खर्च कमी कसा करू हे विचारलंच नाहीये हो. तो कापून झाला, म्हणून १०० आहे.

जमाखर्च
धागाकर्ते, तुम्ही काम काय करता तेच लिहिलं नाहीये. शिवाय सरासरीवरून काहीच कळत नाही. मागच्या बारा महिन्यांत कुठल्या महिन्यात किती आले ते ओळीने द्या. बिल केलं ती तारीख नको, पैसे खात्यात पडले ती. शिल्लक किती आहे? आणि मोठ्या कामाचे पैसे कोणत्या टप्प्यांनी मिळणार?

कोरा_कागद
वेबसाइट बनवतो, एकटाच. मला वाटलं लिहिलंय. ११३ बिलांवरून काढले होते. आता बँकेचं पान उघडून बसलोय: २४०, ६०, ०, ३१०, ९०, २०, ०, ४०, ३८०, १५०, ७०, ०. बेरीज तीच, १३६०. शिल्लक १९०. मोठ्या कामाचे वर्षाला २३००, त्यातला दहावा हिस्सा आधी. बाकीचे दर टप्पा मंजूर झाल्यावर साठ दिवसांनी, पहिला टप्पा तीन महिन्यांचा. मदतीला एक मुलगा ठेवावा लागेल, त्याला महिना ४०. माझा पूर्ण वेळ त्यातच जाईल.

जमाखर्च
आता बोलता येईल. तुमच्या ओळीतला पाचवा ते आठवा महिना बघा. ९०, २०, ०, ४०, म्हणजे चार महिन्यांत आले १५० आणि घराला लागले ४००. खड्डा २५० चा. वर्षाला १६० उरत असूनही उसनवारी होते ती इथे. चौथ्या महिन्यातले ३१० आले तेव्हा ते "जास्तीचे" वाटले असणार आणि कशात तरी गेले असणार. ते जास्तीचे नव्हते, पुढच्या चार महिन्यांचे होते.

म्हणून कल्पना निवडताना सरासरी किती वाढते याच्या आधी हा खड्डा किती खोल होतो ते बघायचं.

मोठं काम घेतलंत तर पहिल्या टप्प्याचे पैसे पाचव्या महिन्याच्या शेवटी येणार. तोवर घराला ५००, मुलाला २००, एकूण ७००. हातात आगाऊ २३०. खड्डा ४७० आणि तुमच्याकडे १९०. गिऱ्हाइकाने मंजुरी एक महिना लांबवली की आणखी १४०. काम वाईट नाही, तुमच्या शिलकीला ते झेपत नाही.

भटक्या
मग आगाऊ जास्त मागा ना! दहावा हिस्सा कोण घेतं? मी तिसरा हिस्सा घेतल्याशिवाय फाइल उघडत नाही.

जमाखर्च
तिसरा मिळाला तर सुमारे ७६५ आधीच हातात येतील, मग खड्डाच उरत नाही. हा मुद्दा तुमचा बरोबर, भटक्या. फक्त "कमाई वाढली की चढउतार जातात" हे नव्हे. कमाई तीच ठेवून नुसती तारीख बदलली तरी उत्तर बदलतं.

कोरा_कागद
विचारून झालंय. दहाच्या वर जात नाहीत.

सई_म
मी शिकवणीचे व्हिडिओ विकते. एकदा केले की झोपेतही पैसे येतात. तुम्ही दोन्ही सोडा, हेच करा.

भटक्या
ताई, पहिल्या महिन्यात किती आले?

सई_म
पहिले सात महिने काहीच नाही, नंतर बरे. तोवर नोकरी होती माझी.

जमाखर्च
सईताई, ते सात महिने कोणी सांभाळले तेच इथे महत्त्वाचं आहे.

देखभालीकडे येतो. किती गिऱ्हाइकं, आणि त्यापायी बाकीचं काम किती कमी होईल?

कोरा_कागद
सहा जण, प्रत्येकी ५. बाकीचं काम सत्तर टक्क्यांवर येईल असं वाटतं.

जमाखर्च
तर वर्षाला ९५२ अधिक ३६०, म्हणजे १३१२. आत्तापेक्षा ४८ कमी. पण त्या चार महिन्यांत १५० ऐवजी १०५ आणि वर देखभालीचे १२० येतील. खड्डा २५० वरून १७५. तो १९० मध्ये बसतो. वहिनींचा अंदाज बरोबर आहे.

अडचण वेगळीच आहे. हे सहा जण तेच का, जे नवीन कामाचे पैसेही उशिरा देतात? तसं असेल तर दोन्हीकडचं एकाच महिन्यात अडकतं आणि हा हिशोब कोसळतो. देखभालीचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्या, आणि दोन महिने थकले की काम थांबवायचं हे आधीच लिहून ठेवा.

कोरा_कागद
चार जण वेळेवर देतात. दोघांमागे लागावं लागतं.

हौशी_गवई
अवांतर: मागे लागण्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. आमच्याकडे लाल शाईने लिहायचो.

पाटीवाला
उशिरा आलो, पण एक राहिलं. हे १३६० कर भरून उरलेले आहेत का?

कोरा_कागद
...नाही. साधारण दहा टक्के जातात. वर्षाअखेरीला भरतो, तेव्हा परत उसनवारी.

पाटीवाला
मग १३१२ चे राहिले ११८१ आणि घराला लागतात १२००. देखभाल निवडूनही वर्ष तुटीत. खड्डाही २०० च्या जवळ जातो, तुमच्या शिलकीच्या पलीकडे.

जमाखर्च
हे मी विचारायला हवं होतं. बरोबर.

भटक्या
बघा, शेवटी कमाई वाढवायलाच लागते!

पाटीवाला
हो, पण मोठ्या कामाने नाही. देखभालीचे ५ चे ६ करा. कर वजा जाता वर्षाचे साडेबाराशेच्या आसपास, खड्डा १७५ च्या थोडा वर. आलेल्या प्रत्येक रकमेतला दहावा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. त्याला घरचे पैसे समजूच नका.

कोरा_कागद
मोठ्या कामाला नाही कळवलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "एवढं टाइप करायच्या आधी मला विचारलं असतंस." वेळेवर देणाऱ्या चौघांना ६ चा मेल पाठवलाय. एकाने "ठीक आहे" लिहिलं, दुसऱ्याने विचारलं की ६ मध्ये जास्तीचं काय मिळणार. याला काय उत्तर देऊ?